जीभ पोळते, पण दिसत काहीच नाही

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या दवाखान्यांत ही तक्रार बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपासची बाई घेऊन येते. जिभेचा शेंडा आणि दोन्ही कडा चहाने पोळल्यासारख्या वाटतात, कधी ओठांच्या आतून, कधी टाळ्याला आग होते. हे महिनोन्‌महिने चालू असते. डॉक्टर बॅटरी लावून बघतात. जीभ गुलाबी, ओलसर, कुठे फोड नाही, जखम नाही, पांढरा थर नाही. मग "काही दिसत नाही, उष्णता झाली असेल" असे म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे जेल दिले जाते. घरी गुलकंद, सब्जा, ताक हे सगळे आधीच होऊन गेलेले असते. आराम पडत नाही, आणि हळूहळू बाईच्या मनात दोन शंका घर करतात. एक म्हणजे हा कॅन्सर तर नाही? दुसरी, आणखी त्रासदायक, म्हणजे घरचे म्हणतात तसे हे आपल्या मनाचेच खेळ आहेत की काय?

डोळ्यांना काही दिसत नाही एवढ्यावरून आजार नाही असे ठरत नाही. वरून साध्या दिसणाऱ्या तोंडात आग होण्यामागे मुख्यतः तीन गोष्टी असतात: रक्तात काही कमी पडलेले असते, लाळ कमी झालेली असते, किंवा जिभेच्या नसा स्वतःच बिघडलेल्या असतात. या तिन्ही एकाच माणसात एकत्रही असू शकतात, आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो. एक कारण सापडले, त्यावर औषध दिले, निम्मा त्रास राहिला, की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही म्हणतात की औषध लागू पडले नाही.

हा गुंता सोडवायला आधी एक प्रश्न पुरतो. जेवताना आग वाढते की कमी होते?

जेवताना, विशेषतः तिखट, आंबट, गरम खाताना आग भडकत असेल, तर जिभेच्या वरच्या पातळ आवरणाचे काहीतरी बिनसले आहे असे समजावे. हे आवरण सतत झिजते आणि सतत नवे बनते. जीवनसत्त्व ब-१२, फॉलेट किंवा लोह कमी पडले की ते नीट बनत नाही, आणि मिरची थेट खालच्या नसांना लागते. पुढे जिभेवरचे बारीक खरखरीत दाणे झिजून जीभ गुळगुळीत, लालसर दिसू लागते. पण तो शेवटचा टप्पा. त्याच्या बरेच आधी, जीभ चांगली दिसत असतानाच आग सुरू झालेली असू शकते.

याउलट जेवताना किंवा काहीतरी चघळताना आग थांबत असेल, सकाळी उठल्यावर नसेल किंवा थोडी असेल, दुपारनंतर चढत जाऊन रात्री सगळ्यात जास्त होत असेल आणि तरीही झोपेतून उठवत नसेल, तर बोट नसांकडे जाते. वैद्यकात याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. डोकेदुखी आणि चेहऱ्याच्या दुखण्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार आग रोज दोन तासांहून जास्त वेळ, तीन महिन्यांहून अधिक काळ असावी, तोंड तपासल्यावर निरोगी दिसावे, आणि दुसरे कोणतेही कारण सापडू नये, तेव्हाच हे नाव द्यायचे. म्हणजे ते सगळ्यात शेवटी द्यायचे नाव आहे.

आता एक हकिगत पाहू. ती नमुन्यादाखल रचलेली आहे, कोणा एका रुग्णाची नाही. पण तिच्यातला प्रत्येक धागा या भागात रोज दिसतो.

दौंड तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यातली ५४ वर्षांची बाई. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली. मधुमेह आठ वर्षांपासून, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू. पित्ताची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, तीही कित्येक वर्षे, कोणी बंद कर म्हटले नाही म्हणून. माळकरी घर, मांस-अंडी नाहीत. दूध घरचे आहे, पण डेअरीला जाते. तिच्या वाट्याला येते ते चहातले चमचाभर. सकाळी मिश्री लावायची सवय. सात महिन्यांपासून जिभेची आग.

डॉक्टर विचारतात, "मावशी, जेवताना जास्त होतं का कमी होतं?"

"तिखट लागलं की झोंबतंय. पण नुसती भाकर खाल्ली तर उलट बरं वाटतंय बगा. आन् दिवस मावळला की मग परत सुरू."

एका उत्तरात दोन वेगवेगळ्या आगी आल्या. तिखटाने झोंबणारी एक, आणि संध्याकाळी चढणारी, खाल्ल्यावर उतरणारी दुसरी. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न पायांबद्दल विचारला. तळपायांना मुंग्या येतात, रात्री गाद्यांवरून चालल्यासारखे वाटते, असे तिने सांगितले. हे तिने आधी कोणालाच सांगितले नव्हते, कारण जिभेच्या दुखण्याशी पायांचा संबंध असेल असे तिला वाटले नाही. पायांना मुंग्या मधुमेहानेही येतात आणि ब-१२ कमी झाल्यानेही येतात. त्यामुळे दोन्ही तपासायला हवे होते.

रक्ताचा अहवाल आला: हिमोग्लोबिन ११.२, थोडे कमी. लाल पेशींचा सरासरी आकार अगदी मधोमध, नॉर्मल. एवढ्यावरच थांबले असते तर ब-१२ चा संशय तिथेच संपला असता, कारण पुस्तकात लिहिलेले असते की ब-१२ कमी झाले की पेशी मोठ्या होतात. पण लोह कमी झाले की पेशी लहान होतात. दोन्ही एकदम कमी असतील तर मोठ्या आणि लहान पेशींची सरासरी नॉर्मल येते. आपल्या खेड्यांतल्या बायकांमध्ये दोन्ही एकदम कमी असणे अगदी नेहमीचे आहे, म्हणून पेशींच्या आकारावर भरवसा ठेवून ब-१२ ची तपासणी टाळणे इथे चालत नाही. या बाईचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९ आला, आणि ब-१२ आले १५०. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर ब-१२ ची कमतरता धरतात, आणि २०० ते ३०० च्या मधले आकडे संशयाचे असतात; तिथे होमोसिस्टीन तपासून खात्री करता येते. महत्त्वाचे म्हणजे हे रक्त कोणतीही ब-१२ ची सुई किंवा गोळी घेण्याआधी द्यायचे. आधी सुई टोचून मग तपासले तर आकडा वर दिसतो आणि मूळ काय होते ते कायमचे कळत नाही. आपल्याकडे हे उलटे फार वेळा होते.

ब-१२ इथे एवढे कमी का, याचे उत्तर या बाईच्या एकटीच्या ताटात नाही. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्याचे काम गेली अनेक दशके चालू आहे. त्याच केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. त्यात दिसले की साधारण दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते, आणि फॉलेटची कमतरता मात्र क्वचित. पालेभाज्या आणि कडधान्ये खाणाऱ्या लोकांना फॉलेट मिळते. ब-१२ वनस्पतींमध्ये नसतेच. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. याच गटाने २००६ साली पुणे शहर आणि ग्रामीण भागातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकूण ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. म्हणजे हा फक्त गरिबीचा प्रश्न नाही. पुढे २०१२ मध्ये त्याच खेड्यांतल्या वाढत्या वयाच्या मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पुढच्या पिढीला त्याचा काय फायदा होतो, हे तपासणारी चाचणी सुरू झाली. गरजच तेवढी लहान आहे. ती भागत नाही हे खटकणारे आहे.

ताटातले ब-१२ रक्तात यायला आणखी एक वाट पार करावी लागते. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेले ब-१२ जठरातल्या आम्लामुळे सुटे होते, मग जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाच्या साहाय्याने लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. पित्ताची गोळी रोज, वर्षानुवर्षे घेतली तर पहिली पायरीच अडते. मेटफॉर्मिन शेवटच्या पायरीवर अडथळा आणते. आपल्या मावशींच्या बाबतीत तर दोन्ही गोळ्या होत्या, आणि त्याआधी आहारातही फारसे काही नव्हते. मेटफॉर्मिन वाईट औषध आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. ते स्वतःहून बंद करू नये. पण ते बरीच वर्षे घेणाऱ्या शाकाहारी माणसाचे ब-१२ अधूनमधून तपासले जायला हवे, हे मी ठामपणे म्हणतो. पित्ताच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: ही मला अजून लागते का?

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते. ती गोळी चांगली आहे, गरोदरपणात तर हवीच. पण ब-१२ कमी असलेल्या माणसाला फक्त फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वाढते, आणि नसांचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. रक्तासाठी फॉलेटचे महत्त्व आपल्या मुंबईतच उलगडले होते. लूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातला घटक म्हणजे फॉलेट. पण तो ब-१२ ची जागा घेऊ शकत नाही, आणि जिभेच्या व पायांच्या नसांना नेमके ब-१२ च हवे असते.

मावशींना आधी काही आठवडे ब-१२ च्या सुया, मग रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी तोंडाने चालते का असा प्रश्न पडतो. चालते, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतले सुमारे एक टक्का ब-१२ कोणत्याही मदतीशिवाय आपोआप शोषले जाते; म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या कितीतरी पट. पायांना मुंग्या येत असतील तर मात्र सुरुवात सुयांनीच करणे योग्य. तीन आठवड्यांत तिखट झोंबणे कमी झाले. दोन महिन्यांत जवळजवळ गेले, आणि मुंग्याही कमी झाल्या. संध्याकाळची आग मात्र तशीच राहिली.

बहुतेक जण इथे निराश होतात. पण खरे तर इथे निदान अर्धे पूर्ण झालेले असते. तिखटाची आग आवरणाची होती, ती गेली. उरलेली वेगळी आहे, आणि तिचा शोध वेगळा घ्यायचा.

आधी लाळ. "जिभेला कोरड पडते" असे मावशी म्हणतच होत्या. कोरड जाणवणे आणि लाळ खरोखर कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लाळ घरीही मोजता येते. सकाळी, खाण्यापिण्यानंतर तासाभराने, काही न चघळता स्वस्थ बसायचे आणि पंधरा मिनिटे तोंडात जमणारी लाळ एका छोट्या वाटीत थुंकायची. मग सुई नसलेल्या सिरिंजने मोजायची. दीड मिलिलिटरच्या खाली असेल तर लाळ खरोखरच कमी आहे. तशी असेल तर पहिली नजर औषधांवर जावी. ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन, लघवीची जळजळ किंवा वारंवारता थांबवणाऱ्या काही गोळ्या लाळ आटवतात. डोळेही कोरडे, वाळू गेल्यासारखे टोचत असतील, सांधे दुखत असतील, तर लाळेच्या ग्रंथींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटणारा श्योग्रेन नावाचा आजार तपासावा लागतो. लाळ कमी असेल तर तोंडात बुरशीही वाढते, आणि ती नेहमी पांढरीच असते असे नाही. कवळीखाली किंवा जिभेवर नुसती लाली असू शकते. मावशींची लाळ साडेचार मिलिलिटर आली. म्हणजे कोरड जाणवत होती, पण लाळ पुरेशी होती. नसांच्या आगीत हे नेहमी दिसते.

एक औषध वेगळे सांगायला हवे, कारण ते लाळ न आटवताही तोंडात आग निर्माण करते. रक्तदाबाच्या एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांची जीभ पोळते किंवा चव बदलते. गोळी सुरू केल्यापासून त्रास आहे का हे डॉक्टरांना सांगितले की ते दुसऱ्या गटातले औषध देऊन पाहू शकतात.

मावशींच्या थायरॉइडचा अहवाल नॉर्मल होता, साखर आटोक्यात होती, रक्तदाबाची गोळी त्या घेत नव्हत्या. मिश्री बंद केली, कारण तंबाखूच्या भाजलेल्या भुकटीने आग वाढते आणि पुढे कॅन्सरचा धोकाही राहतो. आता उरले ते नसांचे दुखणे, आणि आता ते नाव देणे रास्त होते.

या नसांचे काय झालेले असते? जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव एका नसेने मेंदूकडे जाते, वेदना आणि तापमान दुसऱ्या नसेने. चवीची नस चालू असताना ती वेदनेच्या नसेला आवर घालते. चवीची नस दुबळी झाली की तो आवर सुटतो, आणि कुठेच भाजलेले नसताना भाजल्याची सूचना येऊ लागते. रेडिओचे स्टेशन लागत नसले की नुसती खरखर ऐकू येते, तसेच काहीसे. जेवताना चवीची नस जागी होते म्हणून आग उतरते. यातल्या अनेकांना तोंडात कडवट किंवा लोखंडासारखी चव येते, तीही यामुळेच. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा आवरणातले बारीक मज्जातंतू निरोगी माणसांपेक्षा खूप कमी दिसले. "मनाचे खेळ" म्हणणाऱ्या कोणालाही हे उत्तर पुरेसे आहे. पाळी बंद झाल्यावरच्या बायकांत हे जास्त आढळते, आणि हार्मोन कमी होण्याचा त्यात हात असावा असे मानले जाते. चिंता आणि झोप न लागणे यांनी आग वाढते हे खरे, पण त्यावरून ती चिंतेनेच लागली असे ठरत नाही.

उपचारांबद्दल खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. आग पूर्णपणे जाईल असे औषध अजून नाही. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो क्लोनाझेपामचा, आणि तेही गिळायचे नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळालेली गोळी जिभेवर ठेवून तीन मिनिटे लाळेत विरघळवायची, लाळ जिथे आग आहे तिथे फिरवायची आणि थुंकून टाकायची. दिवसातून तीन वेळा. या पद्धतीत औषध मुख्यतः जिभेवरच काम करते. तरी थोडे शरीरात जाते, त्यामुळे झोप येऊ शकते आणि सवयीचाही धोका असतो. म्हणून शेजारणीची गोळी घेऊन हा प्रयोग करू नये. साखर नसलेले च्युइंगगम किंवा लवंग-वेलची ऐवजी बडीशेपेचे काही दाणे चघळणे, फेसाळ आणि दालचिनीच्या चवीची टूथपेस्ट सोडून साधी वापरणे, थंड पाणी तोंडात धरणे, यांनीही दिवस सुसह्य होतो. मावशींची आग दहापैकी आठवरून तीनवर आली. त्या रात्री झोपतात, आणि कॅन्सरची भीती गेली हे त्यांना आगीइतकेच महत्त्वाचे वाटते.

भीती कुठे रास्त आहे तेही सांगतो. आग दोन्ही बाजूंना, सगळीकडे पसरलेली असेल तर कॅन्सरची शक्यता कमी. पण ती एकाच जागी, एकाच बाजूला असेल, तिथे गाठ लागत असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, जीभ किंवा हनुवटी बधिर झाली असेल, तर त्याच आठवड्यात दाखवा. जिभेच्या कडा आणि खालची बाजू आरशात बघा. तिथे लपलेले सहज दिसत नाही. सुपारी किंवा गुटखा खाणाऱ्या तरुणाला तिखट सोसेनासे झाले आणि तोंड पूर्वीइतके उघडेना, तीन बोटे उभी आत जाईनात, तर ती सुपारीने होणारी तोंडाच्या आतल्या आवरणाची आवळण आहे. सुरुवातीला तोंड जवळजवळ नॉर्मल दिसते. तिथे ब-१२ ची सुई पुरणार नाही; सुपारी त्याच दिवशी सोडावी लागते.

दौंडचे उपजिल्हा रुग्णालय असो, शिरूरचे ग्रामीण रुग्णालय असो किंवा गावातला खासगी दवाखाना, जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, अगदी कधीमधी घेतलेलीही. आग कधी वाढते आणि कधी उतरते हे आठ दिवस कागदावर लिहून ठेवा. आणि कोणी "काही दिसत नाही" म्हटले तर शांतपणे सांगा की रक्तातले ब-१२ आणि फेरिटिन तपासून हवे आहे, सुई टोचण्याआधी.